कापडाचा नफा की जमिनीचा?

ठाण्यातील आपल्या जमिनीवर रेमंडने 2019 मध्ये घरबांधणी आरंभिली. नफा कापडाचा की घरांचा, हे ताळेबंदासोबतच्या विभागवार तक्त्यात दिसते. समजा, कापडाचा नफा 30 कोटी, मालमत्ता 300, देणी 100. म्हणजे गुंतलेल्या 200 वर 15 टक्के. घरांचा नफा 20, मालमत्ता 180, देणी 100. म्हणजे 80 वर 25 टक्के. घरे सरस ठरली! पण त्या देण्यांत ग्राहकांच्या आगाऊ रकमा असतात. विक्री मंदावली की त्या आटतात, कंपनीचेच भांडवल अडकते आणि टक्का उतरतो. म्हणून आम्ही एका वर्षावर विसंबत नाही. चार वर्षांचे तक्ते शेजारी मांडतो. रेमंडचे कापड 2024 मध्ये आणि घरबांधणी 2025 मध्ये वेगळ्या कंपन्यांत गेली. तेथे जुनी तुलना तुटते.