किल्ल्याकडे जाणारी वाकडी वाट



फळ्यावर मी एक चौकोन काढला आहे. हा किल्ला. इकडे, सहाशे मीटरवर, आपण. तटावर तोफा आहेत आणि मधलं मैदान मोकळं आहे. झाड नाही, झुडूप नाही, घर नाही. किल्लेदाराने ते मुद्दाम साफ करून ठेवलेलं असतं. आता मला सांगा, तटापर्यंत जायचं कसं?

मघाशी कुणीतरी म्हणालं, "चर खणत जायचं." बरोबर. पण मग मी खडू दिला तर त्याने सरळ रेघ मारली. इथेच माणसं मेली असती. सरळ चर म्हणजे शत्रूसाठी तयार नळकांडंच. तटावरून त्या चराच्या तोंडाशी एक तोफ लावली की गोळा चराच्या लांबीने आत शिरतो, टप्पे घेत जातो आणि वाटेत जेवढी माणसं असतील तेवढी घेऊन जातो. चराच्या आडव्या बाजूने आलेला गोळा मातीत रुततो किंवा डोक्यावरून जातो. लांबीने आलेला गोळा थांबत नाही. आज मी जे सांगणार आहे ते सगळं या एका भीतीतून निघालं आहे.

आधी हे पाहू की चर खणायची वेळच का आली. उंच, सरळ दगडी भिंती तोफांपुढे टिकेनात, तेव्हा पंधराव्या-सोळाव्या शतकात इटलीत किल्ल्यांची रचना बदलली. तट बुटके आणि जाड झाले, मागे मातीची भर आली, कोपऱ्यांवर बाणाच्या टोकासारखे बुरूज आले. खंदकाच्या बाहेर मातीचा लांब, हलका उतार केला. या उतारामुळे तटाचा पाया बाहेरून दिसतच नाही. लांबून कितीही गोळे मारा, ते उतारावर पडतात. भिंत पाडायची तर तोफ अगदी खंदकाच्या काठाशी न्यावी लागते, आणि तिथवर तोफ न्यायची तर जमिनीतून जावं लागतं. ही वाट खणणारे ते सॅपर. आपल्या पुण्याजवळ खडकीला बॉम्बे सॅपर्सचं केंद्र आहे, त्या नावातला हाच शब्द. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ साधा आहे: कुदळ.

आता रेघ पुन्हा काढू. नियम एकच. चराचा प्रत्येक तुकडा सरळ पुढे वाढवला तर ती रेघ किल्ल्याच्या बाहेरून गेली पाहिजे. किल्ल्याच्या कुठल्याही बुरजावर, अगदी बाहेरच्या छोट्या बांधकामावरही, ती पडता कामा नये. म्हणून आधी डावीकडे तिरपं जायचं, मग वळून उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. खणलेली माती नेहमी किल्ल्याच्या बाजूला टाकायची. डावीकडे जाताना किल्ला आपल्या उजव्या हाताला असतो, म्हणून माती उजवीकडे. वळलं की माती डावीकडे. प्रत्येक वळणावर चर चार-पाच पावलं जास्त खणून ठेवायचा, म्हणजे कोपरा झाकला जातो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना बाजूला उभं राहायला जागा मिळते.

थोडं गणित करू. समजा किल्ल्याची ही बाजू अशी आहे की मधल्या रेषेपासून दोन्हीकडे 240 मीटर बाहेर रोख धरला तरच आपण सुरक्षित. सहाशे मीटरवर असताना हे सोपं आहे. शंभर मीटर पुढे सरकायला साधारण 108 मीटर खणावं लागतं. शंभर मीटरवर पोहोचलात की दहा मीटर पुढे जायला 26 मीटर खणा. पन्नास मीटरवर दहा मीटरसाठी 49 मीटर! म्हणजे जिथे मरण सगळ्यात जवळ, तिथेच काम सगळ्यात लांब. चर जवळजवळ किल्ल्याला समांतर होतो आणि पुढे सरकणं थांबतं. तिथे मग वळणं सोडून देतात. सरळ चर खणतात, पण दोन्ही बाजूंना मातीची भिंत घालून, आणि थोड्या थोड्या अंतरावर मध्येच मातीचा आडवा ठोकळा सोडून. त्या ठोकळ्याला वळसा घालून पुढे जायचं, म्हणजे गोळा आला तरी तिथे अडतो.

खणतात कसं? पहिली रात्र वेगळी असते. अंधार पडला की इंजिनिअर जमिनीवर दोरी टाकून रेघ आखतो. मजूर फाट्यांची एकेक मोळी, एक कुदळ आणि एक फावडं घेऊन रांगेने येतात, मोळी दोरीवर ठेवतात आणि तिच्यामागे पालथे पडून राहतात. कुणी बोलायचं नाही. इशारा झाला की सगळे एकदम खणायला लागतात, कारण उजाडेपर्यंत छातीइतका आडोसा झालाच पाहिजे. उजाडल्यावर इंजिनिअर चरात उतरून पाहतो. तळात उभं राहून तटाचा एखादा तुकडा दिसला तर समजायचं की तिथूनही आपण दिसतो. रेघ चुकली. तेवढा भाग वळवायचा किंवा माती वाढवायची, आणि तेही लगेच.

जवळ गेल्यावर मात्र असं उघड्यावर पालथं पडता येत नाही. तिथे सॅपरांची टोळी लागते. चौघं एकामागे एक. सगळ्यात पुढचा गुडघ्यांवर असतो. त्याच्यापुढे फाट्यांनी गच्च भरलेली एक मोठी आडवी टोपली असते, तीच त्याची ढाल, ती तो आकड्याने ढकलत नेतो. बाजूला तो एक गॅबियन उभा करतो. गॅबियन आपल्याकडे ओढ्यावरच्या बंधाऱ्यांमुळे माहीत आहे, तिथे लोखंडी जाळीत दगड भरतात. इथे ती बिनबुडाची विणलेली कणगी असते. पहिला माणूस फक्त दीड फूट खोल आणि दीड फूट रुंद खणतो आणि माती कणगीत टाकतो. दुसरा खोली आणि रुंदी प्रत्येकी सहा इंचांनी वाढवतो, तिसरा आणखी सहा, चौथा आणखी सहा. चौथा पुढे सरकला की मागे तीन फूट खोल, तीन फूट रुंद चर तयार. मग साधे मजूर येऊन तो तोफ जाईल इतका रुंद करतात. पहिल्या माणसाला सगळ्यात कमी खणायचं असतं, कारण तो सगळ्यात उघडा असतो. दोन कणग्यांमधली फट हा खरा धोका. ती ताबडतोब बुजवली नाही तर नेमबाज तीच धरून बसतो. ठरावीक काम झालं की पुढचा मागे जातो आणि दुसरा त्याच्या जागी येतो.

हे सगळं ज्याने नियमात बसवलं तो चौदाव्या लुईचा इंजिनिअर व्होबाँ. तो सॅपरांना दिवसावर नाही, खणलेल्या लांबीवर पैसे द्यायचा, आणि किल्ला जसा जवळ येईल तसा दर वाढवायचा.

आपल्या देशात याच्या शंभर वर्षं आधीचं उदाहरण आहे. 1567 मध्ये अकबराने चित्तोडला वेढा घातला. डोंगरी किल्ला, खडकाळ जमीन, खोल खणता येईना. म्हणून वाट जमिनीच्या वर बांधली. दोन्हीकडे मातीच्या जाड भिंती, वर फळ्यांचं आणि कच्च्या चामड्याचं छप्पर. याला साबात म्हणतात. एक साबात तर इतकी रुंद होती की दहा घोडेस्वार शेजारी-शेजारी जातील. राजा तोडरमल आणि कासिम खान यांची त्यावर देखरेख होती. छप्पर असूनही रोज शंभरेक कामगार मरत, आणि तेव्हाच्या इतिहासकारांनी लिहिलंय की प्रेतं विटांसारखी भिंतीत घातली जात. कुणावर वेठ लादू नये असा बादशहाचा हुकूम होता, त्याऐवजी मुठी भरभरून नाणी वाटली जात. ही गोष्ट दरबारी लेखक दयेची म्हणून सांगतात. मला तिच्यात व्होबाँचा वाढता दर दिसतो. फेब्रुवारी 1568 मध्ये किल्ला पडला आणि नंतर आतल्या सामान्य लोकांची कत्तल झाली. अबुल फजल स्वतःच तीस हजारांचा आकडा देतो. तो आकडा गाळून चित्तोडची गोष्ट सांगू नये.

वाकड्या चराची एक मोठी उणीव होती. त्याचं तोंड अरुंद. पुढे चार सॅपर, मागे एका रांगेत थोडे शिपाई. किल्ल्यातून रात्री दोनशे माणसं बाहेर पडली की ती सॅपरांना कापायची, कणग्या उपटायची, चर बुजवायची आणि परत जायची. आठवड्याचं काम एका रात्रीत गेलं. यावर उपाय म्हणून किल्ल्याला समांतर असे लांब, रुंद चर खणायचे, त्यात फौज आणि तोफा ठेवायच्या, आणि एका समांतर चरापासून पुढच्यापर्यंत वाकड्या वाटेने जायचं. क्रीट बेटावरच्या कँडियाच्या वेढ्यात उस्मानी तुर्कांनी असे समांतर चर खणले होते. तो वेढा 1648 ते 1669 असा एकवीस वर्षं चालला. शेवटच्या वर्षी व्हेनिसच्या मदतीला फ्रेंच फौजही तिथे गेली होती. व्होबाँने कल्पना तिथूनच उचलली असं अनेक इतिहासकार मानतात.

व्होबाँने ती 1673 मध्ये मास्त्रिख्तला वापरली. म्यूज नदीवरचं हे शहर डचांच्या ताब्यात होतं, किल्लेदार फारियो. 17 जूनच्या रात्री टोंगेरेन दरवाजासमोर फ्रेंचांनी पहिला चर उघडला. वाकड्या वाटांनी जोडलेले समांतर चर पुढे सरकत गेले, आणि ते इतके रुंद होते की फौज जवळजवळ लढाईच्या रांगेतच पुढे जाऊ शके. 24 तारखेच्या रात्री दरवाजापुढचं बाहेरचं बांधकाम फ्रेंचांनी घेतलं. दुसऱ्या दिवशी डचांनी सुरुंग उडवून ते परत घेतलं.

ते पुन्हा मिळवायची घाई झाली. इंग्लंडच्या राजाचा मुलगा, ड्यूक ऑफ मनमथ, फ्रेंचांच्या बाजूने लढत होता. चरातून जायचं तर सगळी वळणं घेत जावं लागणार. तो आणि त्याचे मोजके सोबती नेहमीच्या वाटेने गेलेच नाहीत. चराच्या मातीवरून उडी मारून, तलवारी उपसून, उघड्या मैदानातून ते सरळ निघाले. वाटेत एक अडसर होता, तिथून एका वेळी एकच माणूस जाऊ शकत होता. तिथे बादशाही बंदूकधाऱ्यांचा कप्तान दार्तान्याँ उभा होता. पुढे कादंबरीमुळे ज्याचं नाव जगभर झालं तोच. तिथून जाऊ नका असं त्याने ड्यूकला सांगून पाहिलं. ड्यूक ऐकेना, तेव्हा दार्तान्याँ त्याच्यासोबत निघाला. त्या अरुंद जागेतून जाताना त्याच्या डोक्यात गोळी लागली.

बांधकाम फ्रेंचांनी परत घेतलं. चर पुढे सरकत राहिले, तोफा जवळ आल्या. पहिला चर उघडल्यापासून तेराव्या दिवशी, 30 जूनला, फारियोने शहर स्वाधीन केलं. शेवटच्या हल्ल्याची वेळ आलीच नाही, आणि त्याच्या फौजेला निघून जाऊ दिलं.