अकरा महिन्यांचं लेटर आणि ग्रॅच्युइटी

(उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी, कुठल्याही एमआयडीसीत जा. तिथं पाच-सहा वर्षं एकाच शेडमध्ये काम केलेला, पण हातात सहा वेगवेगळी नेमणूकपत्रं असलेला कामगार तुम्हाला भेटेल. प्रत्येक पत्र अकरा महिन्यांचं. अकरा महिने संपले की आठवडाभर घरी बसायचं, मग नवं पत्र घेऊन त्याच मशीनवर परत उभं राहायचं. याला कामगार 'ब्रेक देणं' म्हणतात. शेवटचं पत्र संपतं आणि पुढचं येत नाही, तेव्हा तो एचआरच्या टेबलापाशी जाऊन ग्रॅच्युइटीचं विचारतो. तिथं त्याला सांगतात, "तुमची सलग सर्व्हिस अकरा महिन्यांच्या वर कधी गेलीच नाही." आज मला एवढंच तपासायचं आहे, की हे उत्तर कायद्यापुढे टिकतं का. माझ्या मते ते टिकत नाही, आणि का टिकत नाही ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

सुरुवात सोलापुरातून करू. तिथल्या लक्ष्मी-विष्णू मिलच्या कामगारांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता, आणि त्याचा निकाल 1981 साली लागला. प्रश्न कायम कामगारांचा होता आणि बदली कामगारांचाही. ग्रॅच्युइटीचा कायदा 1972 चा. त्यात सलग सेवेची जी व्याख्या होती तिचा न्यायालयाने काटेकोर अर्थ लावला. वर्षात 240 दिवस प्रत्यक्ष काम केलेलं नसेल तर ते वर्ष धरायचं नाही, कामगार कायम असला तरी नाही. हजेरीपटावर नाव असणं पुरेसं नव्हतं. या निकालाने गिरणी कामगारांची वर्षंच्या वर्षं हिशोबातून गळणार होती. म्हणून संसदेने 1984 मध्ये कायद्यात कलम 2-अ घातलं आणि ते निकालाच्या तारखेपासून, म्हणजे 11 फेब्रुवारी 1981 पासून लागू केलं. आज अकरा महिन्यांच्या लेटरवरचा कामगार ज्या तरतुदीवर उभा राहतो, ती अशी सोलापूरच्या गिरणीतून आलेली आहे.

या तरतुदीचे दोन भाग आहेत. पहिला भाग म्हणतो की आजारपण, अपघात, रजा, ले-ऑफ, संप, टाळेबंदी किंवा कामगाराचा दोष नसताना काम बंद राहणं यामुळे खंड पडला तरी सेवा सलगच समजायची. विनापरवानगी गैरहजेरीनेसुद्धा आपोआप खंड पडत नाही. तो खंड आहे असा आदेश स्थायी आदेशांनुसार काढलेला असावा लागतो. आता ब्रेकचे आठ दिवस यात बसवून बघा. कामगार कामावर यायला तयार आहे, मशीन चालू आहे, त्याची जागा भरलेली नाही. त्याला घरी बसवलं ते मालकाने. यात कामगाराचा दोष कुठं आहे?

समजा कुणी हेही मान्य केलं नाही. मग दुसरा भाग येतो. मागच्या बारा महिन्यांत 240 दिवस काम भरलं असेल तर ते वर्ष सलग सेवेचं वर्ष मानायचं. आठवड्याला सहापेक्षा कमी दिवस चालणाऱ्या आस्थापनेत आणि खाणीच्या पोटात काम करणाऱ्यांना 190 दिवस पुरतात. अकरा महिन्यांचे दिवस साधारण 334. त्यातून रविवार वजा केले तर 286 उरतात. सणांच्या सुट्ट्या आणि किरकोळ रजा काढल्या तरी 240 सहज पार होतात. शिवाय पगारी रविवार आणि सुट्ट्या या मोजणीत धरायच्या, असं सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये अमेरिकन एक्सप्रेसच्या खटल्यात औद्योगिक विवाद कायद्यातल्या अशाच तरतुदीबद्दल सांगितलं आहे. पगारी रजा, कामावरच्या अपघाताने आलेली तात्पुरती असमर्थता आणि बाळंतपणाची रजा यांचे दिवस तर कलमातच धरलेले आहेत. म्हणजे अकरा महिन्यांचं लेटर वर्ष मोडण्यासाठी दिलेलं असलं तरी 240 दिवसांची अट त्या लेटरच्या आतच पुरी होते.

आता एक हिशोब मांडू. नाव कुणाचं घेत नाही, आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. डिप्लोमा झालेला एक तरुण, क्वालिटी इन्स्पेक्टर. पहिलं लेटर 1 ऑगस्ट 2020 चं, अकरा महिन्यांचं. मग आठ दिवस ब्रेक. अशी सहा लेटरं. सहावं 11 एप्रिल 2025 ला सुरू झालं आणि 10 मार्च 2026 ला संपलं. पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत पाच वर्षं, सात महिने, दहा दिवस. त्यात ब्रेकचे दिवस मिळून चाळीस. एचआरच्या हिशोबाने याची ग्रॅच्युइटी शून्य, कारण प्रत्येक लेटर वेगळं आणि कुठलंच वर्षाचं नाही.

आपल्या हिशोबाने त्याची सेवा पाच वर्षांच्या वर आहे. सूत्र असं, की महिन्याचा शेवटचा पगार भागिले 26, गुणिले 15, गुणिले सेवेची वर्षं. सहा महिन्यांच्या वरचा उरलेला काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणून पाच वर्षं सात महिन्यांची सहा वर्षं होतात. त्याचे बेसिक आणि डीए मिळून 15,600 रुपये असतील तर दिवसाचे 600, वर्षाला 9,000 आणि सहा वर्षांचे 54,000 रुपये.

पण त्याची सेवा 21 नोव्हेंबर 2025 नंतर संपली आहे. त्या दिवसापासून 1972 च्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता 2020 लागू झाली, आणि तिच्यामुळे दोन गोष्टी बदलल्या. एक पगाराची व्याख्या. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग पगारात धरायचा. या तरुणाचा सगळे भत्ते धरून मोबदला 36,400 आहे असं समजू. बेसिक-डीए 15,600, म्हणजे भत्ते 20,800. निम्मे 18,200. वरचे 2,600 पगारात येतात आणि ग्रॅच्युइटीचा पगार 18,200 होतो. दिवसाचे 700, वर्षाला 10,500, सहा वर्षांचे 63,000.

दुसरा बदल मुदतीच्या कामगारांसाठी खास आहे. मुदत संपल्यामुळे नोकरी संपली तर पाच वर्षांची अट लागू नाही, आणि ग्रॅच्युइटी सेवेच्या प्रमाणात द्यायची. औद्योगिक संबंध संहितेत मुदतीच्या नेमणुकीची व्याख्या आहे, आणि ती म्हणते की कराराखाली एक वर्ष सेवा केली की ग्रॅच्युइटीचा हक्क येतो. प्रमाणाचा हिशोब लावला तर सात महिने दहा दिवसांचं पूर्ण वर्ष होत नाही, आणि आपल्या तरुणाची रक्कम सुमारे 58,900 रुपये येते. 63,000 की 58,900 यावर वकील भांडू शकतात. शून्यावर मात्र त्यांना भांडता येऊ नये.

इथं एक धोका आहे आणि तो मला स्पष्ट बोलायचा आहे. 'एक वर्ष' ही अट वर्तमानपत्रांत मोठ्या मथळ्याने आली. ती वाचून अनेकांना वाटलं, आता प्रश्न मिटला. पण अकरा महिन्यांचं लेटर देणारा मालक म्हणेल, "कराराखालचं वर्ष झालंच नाही." म्हणजे नव्या संहितेतली सवलत ज्याच्यासाठी आहे, त्यालाच ती मिळणार नाही. इथंही उपाय तोच, 240 दिवसांचा. सलग सेवेची ही मोजणी नव्या संहितेतही कायम ठेवलेली आहे. आणि ज्याची एकाच मालकाकडे अनेक वर्षं झाली आहेत त्याने प्रत्येक लेटरचा वेगळा हिशोब मान्यच करू नये. वेगळा हिशोब केला तर 2020 च्या लेटरला 2020 चा पगार लागेल. सेवा एकच धरली तर सगळ्या वर्षांना शेवटचा, म्हणजे सर्वांत मोठा पगार लागतो.

न्यायालयाने या दिशेने आधीच पाऊल टाकलेलं आहे. छत्तीसगड सरकारकडे एक कामगार बावीस वर्षं रोजंदारीवर होता, मग कायम झाला आणि तीन वर्षांत निवृत्त झाला. सरकार म्हणालं, कायम सेवा पाच वर्षं नाही, ग्रॅच्युइटी नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सरकारचं म्हणणं फेटाळलं आणि पंचवीस वर्षं धरायला लावली. नेमणूक कोणत्या प्रकारची होती यापेक्षा काम सलग होतं का, हे तिथं महत्त्वाचं ठरलं.

तरी सगळीच प्रकरणं इतकी सरळ नसतात. ब्रेक आठ दिवसांचा असेल तर एक गोष्ट, चार महिन्यांचा असेल आणि त्या काळात कामगार दुसरीकडे नोकरीला असेल तर दुसरी. 240 दिवस भरले नाहीत तर ते वर्ष वादात जातं. अॅप्रेंटिस कायद्याखालचं वर्ष धरत नाहीत, कारण अॅप्रेंटिस या कायद्याच्या दृष्टीने कर्मचारी नसतो. ठेकेदाराच्या नावाने पगार होत असेल तर तो मुदतीचा कामगार नव्हे, ठेका कामगार ठरतो, कारण मुदतीची नेमणूक मालकाने थेट लेखी केलेली असावी लागते. गेट तेच, कँटीन तेच, पण दर दोन वर्षांनी पगारपत्रकावरचं नाव बदलत असेल, तर 'मालक कोण' हाच पहिला वाद होतो. आणि मुदत संपण्याआधी राजीनामा दिला तर 'मुदत संपल्यामुळे' ही सवलत हातची जाते. पाच वर्षं भरलेली नसतील तर शेवटचे दोन महिने काढून मगच बाहेर पडा.

हे सगळं सिद्ध करायचं कशाने? सहा लेटरं जपून ठेवायची, हे सगळे सांगतात. पण बऱ्याचदा जुनी लेटरं सापडत नाहीत आणि मस्टर मालकाकडे असतं. अशा वेळी पीएफचं पासबुक कामाला येतं. त्यात महिन्यामहिन्याचा पगार आणि जमा झालेली वर्गणी दिसते, आस्थापनेचं नाव दिसतं. सहा वर्षांत एकही महिना कोरा नसेल, तर ब्रेक किती खोटा होता हे मालकाने स्वतः भरलेल्या आकड्यांतूनच दिसतं. ईएसआयची नोंद, बँक खात्यात आलेला पगार आणि फॉर्म 16 यांचाही तसाच उपयोग होतो.

आणखी एक कागद असतो, फुल अँड फायनलची पावती. त्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, की माझं कंपनीकडे काही येणं नाही. दर ब्रेकला अशी पावती घेतात. 1972 च्या कायद्याच्या कलम 14 प्रमाणे, त्या कायद्याशी विसंगत करार असला तरी कायदाच वरचढ ठरत असे. तेव्हा सही झाली म्हणून हक्क गेला असं समजू नका. शेवटच्या पावतीवर सही करावीच लागली, तर 'ग्रॅच्युइटीचा हक्क राखून' असं हाताने लिहा, तारीख घाला आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

त्यानंतर मालकाकडे लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. खरं तर अर्ज आला नाही तरी रक्कम ठरवून कळवणं हे मालकाचंच काम आहे. देय झाल्यापासून तीस दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर व्याज. मालकाने नाकारलं किंवा उत्तरच दिलं नाही, तर कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. अर्जात सहा लेटरांच्या सहा मागण्या लिहू नका. पहिल्या लेटरची पहिली तारीख, शेवटच्या लेटरची शेवटची तारीख, मधले ब्रेक कुणी दिले आणि किती दिवसांचे, प्रत्येक बारा महिन्यांत भरलेले दिवस, शेवटचा पगार आणि एकच रक्कम, एवढं लिहा. मुदतीत करा. उशीर झाला तर त्याचं कारण पटवून द्यावं लागतं आणि मूळ हक्काआधी त्यावरच तारखा पडत राहतात.