आधी धडा, मग वाटा
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित भाग)



पूर्वी सुटं तेल आणायला आपण घरून बरणी घेऊन जायचो. दुकानदार आधी रिकामी बरणी एका पारड्यात ठेवायचा, दुसऱ्या पारड्यात खडे-वजनं टाकून काटा मधोमध आणायचा आणि मगच तेल ओतायचा. याला ‘धडा करणं’ म्हणत. बरणीचं वजन गिऱ्हाइकाच्या माथी बसू नये, एवढाच त्याचा हेतू. आज मी तेच सांगणार आहे, फक्त दुकानाच्या जागी आपलं स्वयंपाकघर आहे आणि बरणीच्या जागी वरणाचं पातेलं.

माझा मुलगा व्यायामशाळेत जातो आणि रोज खाल्लेल्या अन्नातली प्रथिनं, कर्बोदकं आणि स्निग्ध पदार्थ मोबाइलवरच्या ॲपमध्ये नोंदवतो. या तिघांना तो मॅक्रो म्हणतो. एकदा जेवताना त्याने विचारलं, “आई, या वाटीत प्रोटीन किती?” मी म्हटलं, “मला काय ठाऊक? डाळीच्या पाकिटावर बघ.” पाकिटावर होतं, शंभर ग्रॅमला २२ ग्रॅम. वाटीतलं वरण भरलं १५० ग्रॅम. त्याने ३३ ग्रॅम लिहिले आणि खूश झाला. मी चाळीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेली बाई, मला ते खुपलं. पाकिटावरचा आकडा कोरड्या डाळीचा. वाटीत बहुतेक पाणी होतं.

मग आम्ही दोघांनी एका पातेल्याचा हिशेब नीट मांडला, तोच तुमच्यापुढे ठेवते. कोरडी तूरडाळ २०० ग्रॅम घेतली. पाकिटाप्रमाणे तिच्यात प्रथिनं ४४ ग्रॅम, कर्बोदकं १२० आणि स्निग्ध पदार्थ ४. फोडणीला तेल २० ग्रॅम, म्हणजे स्निग्ध पदार्थ आणखी २०. गूळ १० ग्रॅम, त्याची कर्बोदकं जवळजवळ १०. हळद, हिंग, मीठ सोडून दिलं. अख्ख्या पातेल्याची बेरीज आली प्रथिनं ४४, कर्बोदकं १३०, स्निग्ध पदार्थ २४. पाणी तांब्याने घाला की घागरीने, या तीन आकड्यांत काडीचा फरक पडत नाही. फरक पडतो तो एका वाटीत त्यांतलं किती येतं, यात.

वरण तयार झाल्यावर भरलेलं पातेलं काट्यावर ठेवलं. भरलं २३४० ग्रॅम. रिकाम्या पातेल्याचं वजन आधीच करून ठेवलं होतं, ११४० ग्रॅम. वजाबाकी केली, वरण उरलं १२०० ग्रॅम. आता १५० ग्रॅमची वाटी म्हणजे बरोबर आठवा हिस्सा. तिच्यात प्रथिनं साडेपाच ग्रॅम, कर्बोदकं सोळाच्या आसपास आणि स्निग्ध पदार्थ तीन. कुठे ३३ आणि कुठे साडेपाच! आणि पातेलं वजा करायला विसरलो असतो, तर तीच वाटी २३४० मधले १५० ठरली असती आणि प्रथिनं तीन ग्रॅमसुद्धा भरली नसती. पहिली चूक सहापट फुगवते, दुसरी निम्म्यावर आणते.

ॲपमध्ये मुलाने एक सोपी युक्ती केली. पदार्थाचे एकूण वाटे ‘आठ’ न लिहिता ‘१२००’ लिहिले. म्हणजे एक ग्रॅम हाच एक वाटा. मग ज्याने जितके ग्रॅम घेतले तितका आकडा टाकायचा. वाटी लहान की मोठी, हा वादच मिटला. वाढतानाही सोय आहे. पातेलं काट्यावर ठेवून शून्य करायचं आणि डावाने वाढून घ्यायचं. काटा उणे १५० दाखवेल, तेवढं तुमच्या वाटीत गेलं. मात्र डाव आधी काट्यावर नसेल, तर नंतर पातेल्यात ठेवू नका. आणि काही काटे थोड्या वेळाने आपणच बंद होतात, मग शून्य हरवतं. म्हणून रिकाम्या भांड्याचं वजन लिहून ठेवलेलं बरं.

वाढण्याआधी ढवळायलाच हवं. वरण थोडा वेळ ठेवलं की वर पाणी आणि तळाला घट्ट डाळ बसते. पहिली वाटी घेणाऱ्याला ग्रॅम पुरेपूर मिळतात, पण प्रथिनं तळाशी राहतात. काटा हे सांगत नाही.

गरम पातेलं सरळ काट्यावर ठेवू नका, आतल्या भागांना उष्णता लागली की आकडा भरकटतो. मध्ये लाकडी पाट ठेवा आणि काटा पाटासकट शून्य करा. गोल बुडाची कढई चुंबळीवर ठेवा, अर्थात चुंबळही शून्यात धरून. घरचे काटे बहुधा पाच किलोपर्यंतच तोलतात. कुकर भरून वजन त्यापुढे जात असेल, तर वरण हलक्या पातेल्यात ओतून घ्या.

आता आमची फजिती. आमच्याकडे एकाच दुकानातून घेतलेली दोन पातेली आहेत, दिसायला जुळी. एकाचं वजन ११४०, दुसऱ्याचं ९६०. एकदा वरण जड पातेल्यात होतं आणि आम्ही वजा केलं हलक्याचं. ॲपमध्ये वरण १३८० ग्रॅम ठरलं. रात्री आठ वाट्या झाल्या, पातेलं धुवायला गेलं, तरी नोंदीत १८० ग्रॅम वरण शिल्लक! ही खूण लक्षात ठेवा. भांडं रिकामं झाल्यावर सगळ्यांनी घेतलेल्या ग्रॅमांची बेरीज निव्वळ वजनाला जवळपास जुळली पाहिजे. वाफ आणि भांड्याला चिकटलेलं धरून थोडी तूट येते. शंभर-दोनशेची आली, तर वजाबाकी तपासा.

दुसऱ्या दिवसाचं वरण हा निराळाच हिशेब. समजा, रात्री पाच वाट्या गेल्या आणि ४५० ग्रॅम उरलं. सकाळी ते घट्ट झालं म्हणून १५० ग्रॅम पाणी घालून उकळलं. वजन झालं ६०० ग्रॅम, पण मॅक्रो अजूनही तीन अष्टमांशच. कालची १५० ग्रॅमची वाटी उरलेल्याचा तिसरा हिस्सा झाली असती, आजची चौथा आहे. म्हणजे प्रथिनं साडेपाचऐवजी चारच्या वर थोडी. म्हणून पाणी घातलं की पुन्हा वजन.

ही रीत एकजीव पदार्थाला लागू पडते. कोंबडीच्या रश्शात ती फसते, कारण प्रथिनं फोडींत असतात आणि पळीत कधी दोन फोडी येतात, कधी नुसता रस्सा. तिथे फोडी आणि रस्सा वेगळे तोला, आणि जेवल्यावर ताटात उरलेली हाडं तोलून वजा करा. हाडं म्हणजे पुन्हा धडाच, फक्त जेवणानंतरचा.

हा सगळा खटाटोप करून साडेपाच हा आकडा साडेपाचच असतो का? नाही. पाकिटावरचा आकडा सरासरीचा, प्रत्येक डाळ सारखी नसते. एक-एक ग्रॅम दाखवणारा काटा डाळीची जात ओळखत नाही. पण अर्ध्या ग्रॅमची शंका आणि साडेसत्तावीस ग्रॅमची चूक यांत फरक आहे.

आमच्या स्वयंपाकघरात कपाटाच्या दाराला आतून आता एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर प्रत्येक भांड्याचं वजन आहे. जुळ्या पातेल्यांपैकी जडाच्या बुडाला मुलाने खिळ्याने ‘११४०’ कोरलं आहे. माझी सासू नवी भांडी आली की त्यांवर नाव घालून आणायची. आम्ही वजन घालतो.