नवस बोलला, पण जाणं होत नाही

समजा, मलकपेठेतल्या एका मराठी घरात आजी नवस बोलल्या. नातू बरा झाला, की तुळजापूरला येईन, मंदिराभोवती लोटांगण घालीन, खणानारळानं ओटी भरीन. नातू बरा झाला. पण आता आजींचे गुडघे धरले. मग नवस फेडायचा कसा?

पुरोहित सहसा आधी विचारतात, नवसाचे शब्द नेमके काय होते? कारण जेवढं जमत नाही, तेवढंच बदलायचं. ओटी जमते, ती तशीच राहते. लोटांगण जमत नाही, ते आजींच्या नावानं संकल्प सोडून मुलगा घालतो. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांच्या ‘धर्मसिंधू’त व्रतासाठी असा प्रतिनिधी सांगितला आहे. तोच न्याय नवसाला लावतात. बोकडाऐवजी कोहळा कापतात, तोही याच विचारानं.

कुणी म्हणेल, ही तर पळवाट! होऊ शकते. तब्येत धड आहे, पैसा आहे, नुसता कंटाळा आहे, तर ती पळवाटच. पण अडचण खरी असेल, तर नवस मोडत नाही, फक्त फेडण्याची रीत बदलते. जाणंच लांबलं, तर देवीच्या नावानं सव्वा रुपया खणात बांधून देव्हाऱ्यात ठेवतात. जाणारा तो घेऊन जातो.

पुन्हा सांगतो, जमत नाही तेवढंच बदला. आणि गुरुजींना नवसाचे शब्द जसेच्या तसे सांगा.