नळ बंद असताना जाणारे पाणी

(आपले मंडळ लातुरातील ज्या कचेरीचे उपाहारगृह चालविते, तेथे यंदा २२ मार्च रोजी, जागतिक जलदिनी, मंडळातील एका भगिनीने केलेले भाषण.)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. रोज तुम्हांला चहा आणि जेवण देणारी बाई आज समोर उभी राहून बोलते आहे, तेव्हा काही चुकले तर पदरात घ्यावे.

आपल्या लातूरकरांना पाण्याची किंमत कुणी सांगायला नको. २०१६ सालचा उन्हाळा आपण सर्वांनी काढला आहे. मांजरा धरण आटले होते. टँकर आला की हातातला घास टाकून घागरी घेऊन धावावे लागे. एप्रिल महिन्यात मिरजेहून पाण्याची आगगाडी आली. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि एकेका वाघिणीत सुमारे पन्नास हजार लिटर पाणी होते. ही वाघीण आपण लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

आता येथली गोष्ट सांगते. दोन महिन्यांपूर्वी कचेरीचा टँकरचा खर्च वाढला, आणि बोट आमच्याकडे दाखविले गेले. “उपाहारगृहातल्या बायका पाणी फार सांडतात,” असे कानावर आले. वाईट वाटले. पण नुसते रागावून काय होणार? घरी डब्यातले पीठ लवकर संपू लागले, तर आपण कुणावर आळ घेण्याआधी डब्याला कुठे भोक पडले आहे का ते पाहतो. तसेच येथे करावे असे ठरविले, आणि साहेबांनी परवानगी दिली.

गच्चीवरची सिमेंटची टाकी आतून तीन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद आहे. म्हणजे तिच्यातले पाणी एक बोट, नव्हे, नेमका एक सेंटिमीटर खाली गेले, की साठ लिटर पाणी गेले. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता सगळे घरी गेल्यावर पंप बंद केला, टाकीत पाणी येण्याची वाट बंद केली आणि काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर टेपने मोजून लिहून ठेवले. रखवालदारमामांनी आपल्यापुरत्या बादल्या आधीच भरून घेतल्या. सोमवारी सकाळी आठ वाजता पुन्हा मोजले. अडतीस तासांत, कचेरीत एकही माणूस नसताना, पाणी एकोणीस सेंटिमीटर खाली गेले होते! हिशेब केला, तो अकराशे चाळीस लिटर झाला. तासाला तीस लिटर आणि दिवसाला सातशे वीस.

टाकीच झिरपत असेल, अशी शंका शिपाईमामांनी काढली. ती रास्त होती. म्हणून पुढच्या रविवारी टाकीतून खाली जाणाऱ्या नळाचा व्हॉल्व्हही बंद ठेवला. पाणी तसूभरही हलले नाही. म्हणजे टाकी शाबूत होती. पाणी खालीच कुठेतरी जात होते.

प्रसाधनगृहात गेलो. बेसिनचा एक नळ ठिबकत होता. त्याखाली लिटरचा तांब्या ठेवला, तो वीस मिनिटांत भरला. म्हणजे तासाला तीन लिटर. पण उरलेले सत्तावीस कुठे? कुठे आवाज नाही, फरशी ओली नाही.

तेव्हा जिलेबीत घालतात तो खाण्याचा लाल रंग घेतला. फ्लशच्या प्रत्येक टाकीचे झाकण काढून आत थोडा रंग टाकला आणि वीस मिनिटे कुणालाही फ्लश ओढू दिला नाही. पाच भांड्यांपैकी दोन भांड्यांतले पाणी आपोआप लाल झाले. चोर सापडले! पाणी भांड्याच्या कडेने इतके पातळ वाहते, की पांढऱ्यावर ते दिसतच नाही. रंगानेच ते कळते. परीक्षा झाली की लगेच फ्लश ओढून टाकावा, म्हणजे डाग राहत नाही.

दोघांची दुखणी मात्र निराळी होती. एका टाकीच्या तळाशी असलेले रबराचे वॉशर बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी कडक झाले होते, त्यामुळे ते नीट बसत नव्हते. ते बदलावे लागले. दुसऱ्या टाकीत बॉलकॉक फार वर राहिला होता. पाणी उभ्या नळीच्या तोंडापर्यंत चढून तिच्यातून सारखे खाली जात होते. तेथे नवे काही घ्यावे लागले नाही. पाणी नळीच्या तोंडाखाली बोटभर थांबेल इतका बॉलकॉक खाली केला. झाकण काढून पाहिले, की कोणते दुखणे आहे ते आपल्यालाही ओळखता येते.

ठिबकणारा नळही दुरुस्त झाला. परवाच्या शनिवार-रविवारी पुन्हा मोजले, तर तेवढ्याच अडतीस तासांत पाणी एकच सेंटिमीटर उतरले. ते साठ लिटर कुठे जातात, ते शोधणे अजून चालू आहे.

आता ती वाघीण आठवा. दिवसाला सातशे वीस लिटर म्हणजे सत्तर दिवसांत पन्नास हजार लिटर. ज्या गावाने मिरजेच्या गाडीची वाट पाहिली, त्याच गावात आपण सत्तर दिवसांत एक वाघीण गटारात सोडत होतो, आणि तीही कुणाची तहान न भागवता.

आमचे माप मी झाकून ठेवणार नाही. उपाहारगृहाच्या नळाखाली पंधरा लिटरची बादली एक मिनिट चाळीस सेकंदांत भरते. म्हणजे मिनिटाला नऊ लिटर. दुपारची भांडी विसळताना नळ पंचवीस मिनिटे चालूच असे. त्यात सव्वादोनशे लिटर जात. आता आम्ही वीस-वीस लिटरची तीन घमेली मांडतो. पहिल्यात खरकटे भिजते, दुसऱ्यात साबण असतो, तिसऱ्यात स्वच्छ पाणी. आधी पेले, मग ताटे, आणि तेलकट कढया शेवटी. तिसऱ्यातले पाणी गढूळ दिसले, की मी ते बदलायला लावते. तेथे काटकसर करून तुमच्या पोटाला अपाय होऊ देणार नाही. ते दोनदा बदलले, तरी सगळे मिळून शंभर लिटर लागतात. रोजचे सव्वाशे लिटर वाचतात. म्हणजे आमचीही चूक होती, पण फ्लशच्या टाक्या आणि तो नळ यांची गळती तिच्या जवळजवळ सहापट होती.

यात आपले काम थोडेच आहे. जेवण झाले, की ताटातले उरलेले डब्यात काढून मग ताट द्या. खरकटे कमी, तर पहिले घमेले अधिक वेळ पुरते. पाणी आधी अर्धा पेला घ्या, हवे तर पुन्हा घ्या. उष्टा उरलेला पेला आम्हांला ओतूनच द्यावा लागतो. आणि फ्लश ओढल्यावर टाकी भरण्याचा आवाज काही वेळाने थांबला नाही, किंवा नळ पिळूनही ठिबकत राहिला, तर अधिक जोर लावून पिळू नका. त्याने वॉशर आणखी खराब होते. शिपाईमामांकडे वही ठेवली आहे, तीत त्याच दिवशी लिहा. रंगाची पुडी माझ्याकडे आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, कचेरी उघडण्यापूर्वी, मी आणि मामा पाचही टाक्या पाहणार आहोत.

आणि एक विनंती. यापुढे पाणी कमी पडले, तर कुणावर बोट दाखविण्याआधी टेप घेऊन गच्चीवर जावे. टाकी खोटे बोलत नाही.

एवढे बोलून मी आपली रजा घेते. चहा तयार आहे.