‘पिशवीचा कॅन्सर’ म्हणजे नेमका कुठला?



कुर्डुवाडीचा पेशंट बार्शीला किंवा सोलापूरला जातो, तेव्हा तो आपलं दुखणं मराठीत सांगतो. केसपेपरवर ते इंग्रजीत उतरतं आणि घरच्यांना पुन्हा मराठीत समजावलं जातं. या जाण्यायेण्यात नेमकेपणा कुठे सुटतो, ते मी एकाच उदाहरणावरून दाखवतो.

आपल्याकडे गर्भाशयाला ‘पिशवी’ म्हणतात. पिशवीचं खालचं तोंड म्हणजे सर्व्हिक्स आणि आतलं अस्तर म्हणजे एन्डोमेट्रियम. दोन्हीकडच्या कॅन्सरला लोक ‘पिशवीचा कॅन्सर’च म्हणतात, पण आजार वेगळे आहेत. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही विषाणूमुळे होतो आणि पसरलेला असला तर शेक व केमो हाच मुख्य उपचार असतो. अस्तराच्या कॅन्सरला बहुधा आधी ऑपरेशन करतात.

समजा, एका बाईच्या बायोप्सीचा रिपोर्ट ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, सर्व्हिक्स’ असा आहे. घरच्यांना कुणी तरी ‘पिशवीचा कॅन्सर’ एवढंच सांगतं. पुढे दुसऱ्या दवाखान्यात रिपोर्ट सोबत नसतो. घरचे बोलतात तेच ऐकून तिथे ‘कार्सिनोमा युटेरस’ लिहिलं जातं. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, म्हणजे आयसीडी-१० मध्ये, सर्व्हिक्सला C53, गर्भाशयाच्या मुख्य भागाला C54 आणि ‘गर्भाशय, भाग अनिश्चित’ला C55 हा कोड आहे. त्या बाईचा आजार C53 मधून C55 मध्ये गेला. ‘पिशवीच्या तोंडाचा’मधला ‘पिशवीच्या’ गळला, तर तो थेट मुखाचा कॅन्सर ठरतो.

याचा फटका नोंदींनाही बसतो. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते. कुठल्याही नोंदणीत असा C55 फुगला की C53 किंवा C54 कमी दिसतो. म्हणून C55 जास्त दिसला, तर जुने कागद पुन्हा काढून पाहावेत.

उपाय साधा आहे. प्रत्येक दवाखान्याने एक तक्ता ठेवावा: पेशंटचा शब्द, इंग्रजी संज्ञा, कोड आणि पेशंटला सांगायचा ठरलेला मराठी शब्द. C53 समोर कायम ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’ आणि C54 समोर ‘पिशवीच्या आतला कॅन्सर’. शब्द संदिग्ध असेल तर पेशंटचेच शब्द देवनागरीत अवतरणात ठेवावेत, रिपोर्ट मागवावा आणि तो मिळेपर्यंत भाग ‘अनिश्चित’च लिहावा. अंदाजाने C53 लिहिणंही चूकच. शेवटी, मूळ कागद न पाहिलेल्या माणसाकडून भाषांतर उलट करून घ्यावं. सर्व्हिक्सचं परत सर्व्हिक्सच आलं, तर भाषांतर टिकलं.

तक्त्यालाही मर्यादा आहे. मूळ रिपोर्टमध्येच जागा लिहिलेली नसेल, तर भाषांतरकार ती शोधू शकत नाही. ते तपासणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावं लागतं. म्हणून घरच्यांनो, डिस्चार्ज कार्डाबरोबर बायोप्सीच्या रिपोर्टची झेरॉक्स मागून घ्या आणि पुढच्या प्रत्येक दवाखान्यात तीच आधी दाखवा.