तारेवरून धावणारी ऊर्जा
(हीरक महोत्सवी समारंभात माजी विद्यार्थ्याने दिलेले व्याख्यान)



शाळेच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात ताणलेल्या दोरीवरील तरंगाचे चित्र असते. त्या चित्रातील दोरी मी गेली अनेक वर्षे मनोऱ्यांवर टांगलेली पाहत आलो आहे. चेन्नईच्या पश्चिमेला बंगळुरूच्या महामार्गावर श्रीपेरुंबुदूर नावाचे गाव आहे. आज ते मोटारींच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. तेथे ४०० केव्हीचे उपकेंद्र असून कोलारसारख्या दूरच्या ठिकाणांहून आलेल्या वाहिन्या तेथे उतरतात. या तारांमधून वीज वाहते हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच तारांवरून दुसरीही एक ऊर्जा धावत असते, आणि ती वाऱ्याने दिलेली असते. आज मी तिच्याविषयी बोलणार आहे.

प्रथम तारेची ओळख करून घेऊ. ४०० केव्ही वाहिन्यांवर सर्रास वापरली जाणारी ‘मूस’ नावाची तार सुमारे ३२ मिलिमीटर जाड असते. मधोमध पोलादाचे ७ पेड आणि त्यांभोवती ॲल्युमिनियमचे ५४ पेड वळलेले असतात. एक मीटर तारेचे वजन सुमारे २ किलोग्रॅम भरते. दोन मनोऱ्यांमधील अंतर साधारण ४०० मीटर, आणि तारेतील ताण सुमारे ३५ हजार न्यूटन, म्हणजे साडेतीन टनांचे ओझे टांगल्याएवढा. ताणाला दर मीटरच्या वस्तुमानाने भागून वर्गमूळ काढले की तरंगाचा वेग मिळतो: सेकंदाला सुमारे १३२ मीटर. एका मनोऱ्यापाशी उठलेला तरंग तीन सेकंदांत पुढच्या मनोऱ्यापर्यंत पोहोचतो.

हा तरंग उठतो मंद, एकसारख्या वाऱ्याने. सपाट शेते आणि तळी यांवरून असा वारा तारेला आडवा आला की तारेच्या मागे आळीपाळीने वर आणि खाली भोवरे सुटतात आणि तार त्यांच्या तालावर थरथरू लागते. वाऱ्याचा वेग सेकंदाला ३ मीटर असेल, तर या जाडीची तार सेकंदाला सुमारे साडेसतरा वेळा कंप पावते. वारा दुप्पट झाला की वारंवारिता दुप्पट होते.

आता मूळ प्रश्न असा की, हा तरंग किती ऊर्जा वाहून नेतो? तारेचा एखादा लहानसा तुकडा डोळ्यांसमोर आणा. तो पुढे जात नाही, जागच्या जागी वर-खाली होतो. त्याला जितका मोठा पल्ला जितक्या कमी वेळात गाठावा लागतो, तितका त्याचा वेग अधिक. म्हणून त्याचा कमाल वेग आयाम आणि वारंवारिता यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे आयाम आणि वारंवारिता दोन्ही वर्गाच्या रूपाने हिशेबात येतात. शिवाय तार तिरकी होताना किंचित ताणली जाते आणि तितकीच स्थितिज ऊर्जा तिच्यात साठते. ही सारी ऊर्जा तरंगाच्या वेगाने पुढे सरकते. सरासरी शक्तीचे सूत्र असे:

P = ½ μ ω² A² v

येथे μ म्हणजे एक मीटर तारेचे वस्तुमान, A म्हणजे आयाम, v म्हणजे तरंगाचा वेग आणि ω म्हणजे वारंवारितेची २π पट.

आपल्या तारेसाठी हा हिशेब करून पाहू. वारंवारिता १७.५, म्हणजे ω सुमारे ११०. आयाम ५ मिलिमीटर धरू. तुकड्याचा कमाल वेग सेकंदाला ०.५५ मीटर येतो. दर मीटर तारेत सरासरी ०.३ ज्यूल ऊर्जा असते, आणि ती सेकंदाला १३२ मीटर धावते; म्हणजे शक्ती सुमारे ४० वॉट. आयाम निम्मा केला तर शक्ती उरते १० वॉट. पण आयाम निम्मा करून वारंवारिता दुप्पट केली, तर शक्ती पुन्हा ४० वॉटच! म्हणून डोळ्यांना जेमतेम दिसणारी शीघ्र थरथर मोठ्या, सावकाश हेलकाव्यापेक्षा अधिक ऊर्जा नेत असू शकते. जमिनीवरून पाहणाऱ्याला तार निश्चल भासते, आणि धोका नेमका तेथेच असतो.

कारण ही ऊर्जा जाणार कोठे? मनोऱ्यावरील क्लॅम्पपाशी तार घट्ट धरलेली असते. तरंग तेथून परततो, समोरून येणाऱ्या तरंगात मिसळतो आणि स्थिर तरंग तयार होतो. दोन्ही दिशांना सारखीच शक्ती जात असल्याने निव्वळ वहन शून्य होते. वारा मात्र दर सेकंदाला थोडी थोडी भर घालीतच राहतो. अशा वेळी आयाम वाढत जातो आणि क्लॅम्पच्या तोंडाशी तार पुनःपुन्हा वाकते. लाखो-कोटी वेळा वाकून ॲल्युमिनियमचा एकेक पेड तुटतो. हे तुटणे बहुधा क्लॅम्पच्या आत असते, म्हणून क्लॅम्प उघडल्याखेरीज दिसत नाही.

यावरचा उपाय आपण सर्वांनी रस्त्याने जाताना पाहिला असेल. मनोऱ्याजवळ तारेखाली डंबेलसारखी एक वस्तू लटकलेली असते. लहानशा पोलादी दोरखंडाच्या दोन्ही टोकांना दोन वजने. कॅलिफोर्नियातील वीज कंपनीत काम करणाऱ्या जॉर्ज स्टॉकब्रिज या अभियंत्याला १९२८ मध्ये तिचे पेटंट मिळाले. तार हलली की वजने मागे रेंगाळतात, दोरखंड वाकतो, त्याचे पेड एकमेकांवर घासतात आणि तरंगाची ऊर्जा उष्णतेत जाते.

या दमकाने सगळा तरंग गिळावा अशी अपेक्षा नसते. समजा ५ मिलिमीटरचा तरंग आला आणि साडेचार मिलिमीटरचा परत गेला. आयाम एक दशांशाने घटला, पण शक्ती वर्गाने चालते; ४० वॉट आले, सुमारे साडेबत्तीस परतले, म्हणजे साडेसात वॉट दमकात जिरले. वाऱ्याकडून येणारी शक्ती याहून कमी असेल, तर कंप वाढणार नाही.

दमक काम करतो की नाही हे कळण्याची खूणही याच उदाहरणात आहे. दोन्ही तरंग सारखे असते, तर निस्पंद बिंदूपाशी तार मुळीच हलली नसती. येथे प्रस्पंदापाशी साडेनऊ मिलिमीटर आयाम दिसेल आणि निस्पंदापाशी अर्धा मिलिमीटर. प्रयोगशाळेत ताणलेल्या तारेवर हीच दोन मापे घेऊन शक्तीचे वहन काढतात. निस्पंदापाशी अगदीच हालचाल नसेल, तर ऊर्जा कोठेही जिरत नाही असे समजावे.

म्हणूनच दमकाची जागा महत्त्वाची. तो निस्पंदावर बसला तर हलणारच नाही. ३ मीटर वेगाच्या वाऱ्यात दोन निस्पंदांतील अंतर पावणेचार मीटर असते, ७ मीटरच्या वाऱ्यात ते दीड मीटरच्या थोडे वर उतरते. त्यामुळे दमक क्लॅम्पपासून साधारण मीटर-सव्वा मीटरवर, म्हणजे सर्वांत लहान अंतराच्याही आत बसवतात. तो सैल होऊन तारेवर सरकला, तर वजने शाबूत असूनही काही वाऱ्यांसाठी निरुपयोगी ठरतो.

एक मर्यादा सांगितली पाहिजे. प्रत्यक्षात या वाहिन्यांवर दोन-दोन तारा स्पेसरने जोडलेल्या असतात, तारेच्या पेडांतही थोडी ऊर्जा जिरते, आणि क्लॅम्पपाशी तार दोरीसारखी लवचीक न राहता कांबीसारखी वागते. मी एका सुट्या तारेचा हिशेब मांडला. तरीही वर्गाचा नियम तेथेही टिकतो. येथून परतताना एखाद्या मनोऱ्याजवळ थांबलात, तर तारेखालचे ते डंबेल जरूर पाहा. तार हलताना दिसत नसली, तरी ते बहुधा काम करीत असते.